"सामान चोरीला गेलं तर रेल्वे भरपाई देते" हा फॉरवर्ड खरा नाही, मुद्द्यांनुसार उत्तर

"रेल्वेने रात्रीचा लांबचा प्रवास करताय? आता घरून काहीच न्यायची गरज नाही. चादर-उशी-ब्लँकेट तिकिटातच मिळतं, जेवण मोबाईलवर मागवलं की सीटवर येतं, प्रत्येक सीटला चार्जिंग आहे. सामान चोरीला गेलं तरी टेन्शन घेऊ नका, टीटीईकडून फॉर्म भरून घ्या, 6 महिन्यांत सामान सापडलं नाही तर रेल्वे पूर्ण भरपाई देते, सुप्रीम कोर्टाचा निर्णय आहे. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

हा मेसेज गेल्या आठवड्यात आमच्या आत्याने मला पाठवला, आणि ती पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून नागपूरला एका लग्नाला महाराष्ट्र एक्सप्रेसने स्लीपरमधून एकटी जाणार आहे. म्हणजे दुपारी निघायचं, पुणं येईस्तोवर रात्र, मग दौंड-नगर-मनमाड सगळं झोपेत, सकाळी भुसावळकडे उजाडणार आणि नागपूर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. हा मेसेज खरा धरून ती निघाली असती तर काय काय झालं असतं ते तिला फोनवर सांगितलं, तेच इथे लिहितेय, कारण हा मेसेज अजून किती आत्या-मावश्यांकडे गेला असेल माहीत नाही.

सगळ्यात आधी भरपाईचं, कारण तिथेच जास्त नुकसान होतं. रेल्वे कायदा 1989 चं कलम 100 वाचा. त्यात सरळ लिहिलंय की सामान रेल्वेकडे बुक करून पावती घेतली असेल तरच ते हरवल्यावर रेल्वे जबाबदार, आणि जे सामान आपण आपल्याजवळ ठेवून नेतो त्याच्या बाबतीत रेल्वेचा किंवा तिच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन होतं हे सिद्ध व्हावं लागतं. बर्थखाली ठेवलेली आपली बॅग ही आपल्या ताब्यातली बॅग. आणि सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर निर्णय आहे, पण तो या मेसेजच्या बरोब्बर उलटा आहे. एका व्यापाऱ्याचे कमरेच्या पट्ट्यात बांधलेले 1 लाख रुपये रात्रीच्या प्रवासात चोरीला गेले होते, ग्राहक मंचांनी रेल्वेला ते द्यायला सांगितलं होतं, आणि जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. प्रवासी स्वतःच्या वस्तू सांभाळू शकला नाही तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

मग कुणालाच कधी पैसे मिळत नाहीत का? मिळालेत, पण तेव्हा जेव्हा आरक्षित डब्यात बिनतिकीट माणसं बिनधास्त घुसत होती, तक्रार करूनही कुणी आलं नाही, असं काहीतरी दाखवता आलं. ते सिद्ध करायला वर्षं जातात, वकील लागतो. त्याला "फॉर्म भरा आणि 6 महिन्यांत पैसे" म्हणत नाहीत.

आणि अजून एक गैरसमज याच्याच पोटातला. तिकीट काढताना आपण जो अगदी किरकोळ पैशांचा प्रवास विमा टिकमार्क करतो ना, तो अपघातातला मृत्यू, अपंगत्व, दवाखान्याचा खर्च यासाठी आहे. चोरीला गेलेल्या बॅगेला त्यात काही नाही. विमा घ्याच, पण सामानाच्या भरवशावर नको.

त्या मेसेजमधला फॉर्म मात्र खरा आहे, पण तो भरपाईचा अर्ज नाही, तो एफआयआरचा फॉर्म आहे. चालत्या गाडीत टीटीई, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तो मिळतो, भरून दिला की पुढच्या रेल्वे पोलीस ठाण्यात जातो, तुम्हाला मध्येच कुठे उतरावं लागत नाही. चोरीचा तपास करतात ते जीआरपी म्हणजे राज्याचे रेल्वे पोलीस, आरपीएफ मुख्यतः रेल्वेच्या मालमत्तेसाठी असतं, पण मदतीला दोघंही येतात. आधी 139 ला फोन करा नाहीतर रेलमदद ॲपवर टाका, पीएनआर आणि डबा-बर्थ सांगा. एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय सोडू नका, मोबाईल गेला असेल तर तो सरकारी संचार साथी वेबसाईटवरून ब्लॉक करायला पोलीस तक्रारीची प्रत लागते. आयएमईआय नंबर घरातल्या कुणाकडे तरी आधीच लिहून ठेवा, फोनवर *#06# डायल केलं की दिसतो, फोन गेल्यावर तो कुठून बघणार?

म्हणजे शेवटी सामान वाचवायचं ते आपणच. आत्याला म्हटलं बाजारातली साखळी घे, प्लॅस्टिक चढवलेली, कुलूप वेगळं असलेली. खालच्या बर्थखाली साखळी अडकवायला लोखंडी कडी असते, वाकून मोबाईलच्या टॉर्चने बघावी लागते कारण ती आत भिंतीकडे असते. कडी तुटलेली असेल तर बर्थच्या लोखंडी पायाला बांधायचं. साखळी फक्त बॅगेच्या कापडी हँडलमधून घालू नका, ते ब्लेडने कापायला वेळ लागत नाही. चाकाची बॅग असेल तर ओढायचा दांडा अर्धा वर काढून दोन नळ्यांच्या मधून साखळी घ्या, आणि दोन बॅगा असतील तर एकाच साखळीत दोन्ही, मोठी भिंतीकडे आणि लहान तिच्या पुढे. किल्ली पर्समध्ये नको, पिनने ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या आत.

बॅगेच्या चेनचं एक बघून ठेवा, हे मी स्वतः करून बघितलंय घरी. आपण दोन्ही रनर जवळ आणून छोटं कुलूप लावतो आणि निर्धास्त होतो. पण बॉलपेनचं टोक दातऱ्यांमध्ये मधोमध दाबलं की चेन तिथेच फाकते, हात आत जातो, आणि मग कुलपासकट दोन्ही रनर एकत्र ओढत इकडून तिकडे नेले की चेन परत मिटते, काही झालंय हे कळतसुद्धा नाही. घरी पोचून बॅग उघडल्यावर कळतं. त्यावर उपाय एवढाच की कुलूप रनरसोबत बॅगेच्या शिवलेल्या कडीत पण अडकवायचं, म्हणजे रनर सरकणार नाहीत आणि फाकलेली चेन फाकलेलीच दिसेल. चोराला थांबवेलच असं नाही, पण निदान पुढच्या स्टेशनच्या आत कळेल. आणि कापडी बॅगेत दागिने, पैसे, ओरिजिनल कागदपत्रं ठेवायचीच नाहीत, ती अंगावर.

दरवाजाजवळच्या बर्थवर, साइड लोअरवर आणि खिडकीशी झोपणाऱ्यांनी जास्त जपायचं. स्टेशन सोडून गाडी वेग घ्यायच्या आत हिसकावून उतरता येतं, आणि आउटरला हळू झाली की खिडकीतून हात येतो. डोकं खिडकीकडे करून कानात झुमके घालून झोपू नका. पर्स डोक्याखाली, तिचा पट्टा हातात अडकवून.

आता चार्जिंग. प्रत्येक सीटला चार्जिंग हे सगळ्या डब्यांना लागू नाही, स्लीपरमध्ये आठ बर्थच्या कप्प्यात मोजके सॉकेट असतात आणि त्यातला एखादा ढिला असतोच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंग पॉइंट बंद ठेवायची सूचना आहे. डिसेंबर 2013 मध्ये बंगळूर-नांदेड एक्सप्रेसला रात्री आग लागून माणसं गेली, त्यानंतर आगीच्या भीतीने ही शिफारस झाली, आणि 2021 मध्ये पश्चिम रेल्वेने ती कडकपणे लागू केली. सगळ्या गाड्यांत काटेकोर पाळतात असं नाही, पण बंद असलं तर तक्रार करून उपयोग नाही. म्हणून फोन घरूनच पूर्ण भरून निघायचा, आणि 10,000 एमएएचची पॉवर बँक पुरे, साधा फोन एकदा तरी पूर्ण भरतो. माझा एक फोन असाच गेलाय, दाराजवळच्या सॉकेटला लावून मी बर्थवर आडवी झाले आणि डोळा लागला, उठले तर वायर लोंबत होती. तेव्हापासून पॉवर बँकच वापरते, ती उशीखाली नाही ठेवत (गरम होते), छोट्या बटव्यात पोटाशी. आणि केटल, इमर्शन रॉड वगैरे त्या सॉकेटला लावायला सक्त मनाई आहे, चहाची हौस स्टेशनवर भागवा.

अंथरुणाचं अर्धंच खरं. एसी डब्यात दोन चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं. स्लीपरला काहीच नाही, आणि आत्या स्लीपरने चाललीय! ब्लँकेट महिन्यातून निदान एकदा धुतात असं रेल्वेमंत्र्यांनी 2024 मध्ये संसदेत सांगितलं होतं, म्हणून एसीत सुद्धा एक चादर खाली, दुसरी ब्लँकेटच्या आतून घ्यावी, ती दुसरी चादर त्यासाठीच असते. स्लीपरला एक पातळ सोलापुरी चादर अंथरायला, एक पांघरायला, थंडीत त्यावर शाल आणि कानटोपी, कारण मनमाडच्या पुढे पहाटे खिडकीच्या फटीतून जो वारा येतो तो सांगून कळत नाही. फुगवायची उशी घडी करून खिशात मावते. आणि मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 एवढाच उघडता येतो, तेव्हा खालच्या बर्थवाल्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

जेवण मोबाईलवर मागवता येतं, आयआरसीटीसीचं ई-केटरिंग आहे, पण ते ठरावीक स्टेशनांवरच, आणि वेळेत ऑर्डर द्यावी लागते. गाडी दोन तास लेट झाली आणि पुणं मध्यरात्री आलं तर हॉटेल उघडं असेलच असं नाही. आत्याच्या गाडीला रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता घरचाच हवा. पहिल्या रात्रीला पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी, ओलं खोबरं आणि कांदा घालू नका, ते उन्हाळ्यात चार-पाच तासांत आंबतं. दुसऱ्या दिवसासाठी दशम्या, दुधात भिजवलेल्या पिठाच्या, पूर्ण गार करून मगच डब्यात भरायच्या, गरम भरल्या की वाफेने ओल्या होऊन लवकर खराब होतात, आणि सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. लिंबाची फोड, मीठ-साखर आणि दोन लिटर पाणी. स्टेशनवर रेल नीर घेतली तर 1 लिटरला 14 रुपये, झाकणाचं सील बघून घ्यायची, आणि जास्त मागितले तर तेच 139.

आत्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग दागिने? पाटल्या घरी ठेव म्हटलं, लग्नात घालायच्या असतील तर मामा कारने नागपूरला येणार आहेत त्यांच्याकडे दे. तयार झाली. साखळी आणायला तिचा मुलगा आज संध्याकाळी बाजारात जाणार आहे.