दऱ्यांचा दर्या कसा होतो

"मराठी माणूस लिहीतच नाही, मग मशीन शिकणार कशावरून?" चहा यायच्या आधीच अन्वरने तोंड फोडलं. अन्वर सांगलीतच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. त्याने एका भाषा-मॉडेलकडून गावच्या यात्रेवर चार ओळी लिहून घेतल्या होत्या, त्यात 'लोक यात्रेचा आनंद उचलतात' असं आलं होतं. "आनंद काय पोतं आहे उचलायला? सरळ हिंदी आहे हे, वर मराठी प्रत्यय चिकटवलेत."

मेघनाचं पोट याच कामावर आहे. मॉडेलला शिकवायचा मजकूर गोळा करायचा आणि निवडायचा. ती म्हणाली, "हिंदी दिसणारच. कॉमन क्रॉल म्हणून जगभरच्या वेबपानांचा मोठा साठा आहे, बहुतेक मॉडेलांचं खाद्य तिथून येतं. त्यात इंग्रजी चाळीस टक्क्यांच्या वर, हिंदी अर्धा टक्काही नाही आणि मराठी त्याच्याही कितीतरी खाली. लिपी एकच, त्यामुळे मराठीत जिथे भोक पडतं तिथे हिंदी येऊन बसतं."

"तेच म्हणतोय मी. २०११च्या जनगणनेत आपण ८.३ कोटी, आणि लिहिणारे किती?"

इथे सुनील भडकला. त्याचं डीटीपीचं दुकान आहे. "लिहीत नाहीत? माझ्या डिस्कवर दिवाळी अंक आहेत, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आहेत, स्मरणिका आहेत, दोन साप्ताहिकांचे सगळे अंक आहेत. अशी दुकानं प्रत्येक तालुक्याला आहेत. लिहिलेलं गेलं कुठे ते विचार!"

मेघनाने त्याला फोनवर एक जुनी फाइल उघडायला लावली आणि त्यातला मजकूर कॉपी करून निरोपाच्या चौकटीत टाकायला सांगितला. उमटलं ते असं: `ejkBh`. मूळ फाइलमध्ये तिथे स्वच्छ 'मराठी' लिहिलेलं होतं.

कारण साधं आहे, पण सुनीलसारख्या रोज त्यात हात घालणाऱ्यालाही ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधीच्या फॉन्टांत, मग ते कृतिदेव असोत की श्रीलिपीचे, संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं. फॉन्ट फक्त `e`च्या जागी 'म'चं चित्र काढतो. अशी पीडीएफ वेबवर चढवली की गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमला चित्र दिसत नाही, `ejkBh` दिसतं. मग भाषा ओळखणारी चाळणी येते. तिला हे इंग्रजीही वाटत नाही आणि मराठीही, ती कचरा म्हणून फेकून देते. अख्खा दिवाळी अंक असा जातो.

"मग बदलून घ्या की. कन्व्हर्टर ढिगाने मिळतात," राजू म्हणाला.

"मिळतात, आणि निम्मे घाण करतात." मेघनाने कागदाच्या कपावरच लिहून दाखवलं. कृतिदेवमध्ये 'दिवस' हा `fnol` असा असतो. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी टाइप होते, युनिकोडमध्ये मात्र ती व्यंजनानंतर यावी लागते. 'सूर्य' हा `lw;Z`. यात रफार शेवटी येतो, युनिकोडमध्ये तो 'य'च्या आधी हवा. अक्षराला अक्षर ठेवत गेलात तर 'िदवस' आणि 'सूयर्' हाती येतं. वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते, आणि रफाराला आपलं जोडाक्षर कुठे सुरू होतं ते शोधून त्याच्या पुढे जावं लागतं. शिवाय प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. म्हणून तिचा आग्रह असा की कन्व्हर्टरवर विश्वास ठेवण्याआधी त्याच फाइलची चार-पाच पानं माणसाने छापील प्रत समोर ठेवून टाइप करायची आणि अक्षरागणिक ताडून पाहायची.

अन्वर थोडा नरमला, पण मान्य करेना. "समजा युनिकोडमध्येच आहे. मग तरी धड शिकतं का?"

त्यावर मेघनाने जे सांगितलं ते मला सगळ्यांत लागलं. आपला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर, हलंत आणि य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारा एक जोडणारा आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आता मजकूर साफ करणारे प्रोग्रॅम बहुतेक इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात, आणि न दिसणारी चिन्हं म्हणजे केर असं समजून ते ती झाडून काढतात. जोडणारा गेला की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. सह्याद्रीच्या दऱ्यांमध्ये समुद्र शिरतो, कारण 'दऱ्या'चा 'दर्या' झालेला असतो. आचाऱ्यांना दिलेली सुपारी आचार्यांना पोचते.

एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायचा युनिकोडचा नेहमीचा नियम, ज्याला एनएफसी म्हणतात, तोही ही दोन रूपं एक करत नाही. ते आपणच करायचं, आणि झाडू मारायच्या आधी:

```python
s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
```

"एवढंच?" सुनील.

एवढंच, पण योग्य जागी. आणि साठा बिघडलाय की नाही हे ओळखायची खूणही सोपी आहे: त्यात 'दुसर्या' आणि 'तिसर्या' शोधा. शुद्ध मराठीत हे शब्द नाहीत. थोडे सापडले तर टाइप करणाऱ्यांची चूक, हजारांनी सापडले तर जोडणारा कुणीतरी उडवलाय. 'दुसर्या' मागाहून दुरुस्त करता येतं. 'दर्या' आणि 'आचार्यांना' मात्र शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय कळत नाहीत, आणि सरसकट नियम लावला तर 'कार्य' आणि 'सूर्य' मोडतात. म्हणून मूळ पानांकडे परत जाऊन नव्याने साफ करणंच बरं. इंग्रजीत एखादा शब्द तीन प्रकारे विखुरला तरी प्रत्येक रूप मॉडेलला भरपूर वेळा दिसतं. आपल्याकडे मुळात थोडं, त्यात तीन वाटे.

राजूने मग त्याचा आवडता उपाय काढला: इंग्रजी मजकूर मशीनकडूनच मराठी करून घ्यावा, हवा तेवढा. यावर मी स्वतः मेघनाच्या बाजूचा आहे. त्यातून माहिती येईल, वाक्याची घडण येणार नाही. आणि अशी भाषांतरित पानं वेबवर आधीच एवढी झाली आहेत की ती ओळखून बाजूला काढणं हेच एक काम होऊन बसलंय.

खरी अडचण सुनीलने मांडली. "फाइल माझ्याकडे आहे म्हणून मजकूर माझा होत नाही. कविता कवीची, अहवाल संस्थेचा. मी देऊ कसा?" खरं आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. पण फक्त मोकळं झालेलं वाचून शिकलेलं मॉडेल त्या काळचंच मराठी बोलेल, असं अन्वरचं म्हणणं. द्राक्षावरच्या करप्याबद्दल, पीककर्जाबद्दल आज लोक कसं लिहितात ते त्याला कुठून कळणार? मेघनाकडे याला उत्तर नव्हतं. लेखी परवानगी घ्यायची, एकेका प्रकाशकाकडे जायचं, आणि मजकूर कशासाठी वापरणार ते कागदावर स्पष्ट लिहून द्यायचं, एवढंच ती म्हणाली. अन्वरला ते फार हळू वाटतं, मलाही वाटतं.

साप्ताहिकाच्या एका संपादकाशी सुनील बोलणार आहे. तोवर मेघनाने सुनीलकडून त्या साप्ताहिकाच्या एका अंकाचं एक छापील पान मागून घेतलंय, ज्यात रफार, ऱ्य आणि पहिली वेलांटी भरपूर आहेत. ते टाइप करायचं काम अन्वरकडे आलंय.