टूल म्हणतं "नाही", म्हणून तुमच्याकडे नाही?

"तीन स्पर्धकांची नावं टूलमध्ये टाका. त्यांच्याकडे आहेत आणि तुमच्या ब्लॉगवर नाहीत, ते सगळे विषय म्हणजे तुमचं नुकसान. एकही सोडू नका, प्रत्येकावर त्यांच्यापेक्षा मोठा लेख लिहा. तीन महिन्यांत वाचक दुप्पट!"

ब्लॉगची स्पर्धकांशी तुलना करणाऱ्या टूलांबद्दलचा हा फॉरवर्ड रावेरच्या मामेभावापर्यंत पोचला नसता तर मी त्याच्याकडे बघितलंही नसतं. त्याची केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची नर्सरी आहे. ब्लॉगवर पस्तीसेक लेख, बहुतेक बांधावरच्या अनुभवातून लिहिलेले. हे वाचून पठ्ठ्याने दीड महिन्यात बावीस नवे लेख पाडले. त्यात एक द्राक्षाच्या छाटणीवर. काय रे भो, तू द्राक्षं कधी लावलीस?

खरी गोम "नाहीत" या शब्दात आहे. ही टूलं तुमचे लेख वाचत नाहीत. कोणत्या शोधशब्दाला कोणाचं पान गूगलवर दिसतं, याची त्यांची स्वतःची नोंदवही असते आणि तुलना त्या वहीतल्या शब्दांची होते. तुमचा लेख असूनही मागे पडला असेल, तरी टूल सांगणार "नाही". त्यात मराठीतल्या शोधांची नोंद तुटपुंजी, आणि एकच प्रश्न लोक चार तऱ्हांनी टाइप करतात. "केळी करपा", "keli karpa", "केळी सिगाटोका", "केळीच्या पानावर ठिपके" या टूलला चार उणिवा वाटल्या. भावाचा करप्यावरचा चांगला लेख आधीच होता, फक्त मथळा होता "पावसाळ्यात बागेची काळजी". त्याने करप्यावर आणखी तीन लेख लिहिले.

परिणाम गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसला, आपलं पान कोणत्या शोधाला दिसतं ते तिथे कळतं. Performance मध्ये "केळी करपा" हा शोध निवडून Pages वर गेलो, तर एकाच शोधाला त्याचीच चार पानं आलटून पालटून येत होती आणि एकही वर टिकत नव्हतं. असं दिसलं की समजावं, आपणच आपल्याला आडवे गेलोय. आम्ही नव्या तिघांतलं कामाचं तेवढं जुन्या लेखात घातलं, त्याचा मथळा बदलला आणि तिन्ही पत्ते ३०१ रीडायरेक्टने त्याच्याकडे वळवले.

मग टूलने काढलेली उणिवांची यादी हाताने चाळली. ओळी होत्या १४०. एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपं एकत्र केल्यावर उरले ५२ प्रश्न. त्यातले ३१ नर्सरीच्या गिऱ्हाइकाचे नव्हतेच: द्राक्ष, कांद्याचे भाव, पीएम किसानचा हप्ता. स्पर्धक म्हणून त्याने एका मोठ्या वर्तमानपत्राचं शेतीचं पान टाकलं होतं, दुसरं काय येणार! उरलेल्या २१ पैकी १२ प्रश्नांची उत्तरं त्याच्या जुन्या लेखांत सापडली, वेगळ्या मथळ्यांखाली. राहिले नऊ. ते एकेक करून गूगलवर शोधले आणि वरची पानं वाचली. पाच प्रश्नांना उत्तम उत्तरं आधीच होती आणि भावाकडे त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. लिहिण्याजोगे विषय चार.

तर हो, तुलनेतून काही हाती लागतं, हे नाइलाजाने कबूल. या चारांतला एक, टिश्यूकल्चर रोपं आणल्यावर शेडमध्ये किती दिवस ठेवायची हा, आम्हाला सुचलाच नसता. रोज तेच सांगणाऱ्याला ते लिहायचं राहून जातं.

पण त्याची सगळ्यात मोठी उणीव या यादीत नव्हतीच, कारण ती स्पर्धकांकडेही नव्हती. सर्च कन्सोलमध्ये मागच्या सोळा महिन्यांचे शोध बघितले. "कांदेबाग केळी थंडी" अशा शोधांना त्याचं पान दिसत होतं, पण खूप खाली, आणि क्लिक जवळजवळ शून्य. आम्ही जी पानं वाचली ती सगळी जून-जुलैत लावायच्या मृगबागेची. कांदेबागेचं, म्हणजे ऑक्टोबरात लावलेलं, कोवळं रोप डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सापडतं, त्याचं काय करायचं हे कोणी सांगत नव्हतं. आणि भावाला हाच प्रश्न फोनवर रोज विचारला जातो.

"मोठा लेख लिहा" याचा निकाल गूगलनेच लावलाय. उपयुक्त मजकुरावरच्या त्यांच्या मार्गदर्शक पानावर लेखकाने स्वतःला विचारायचे प्रश्न दिलेत. गूगलला ठरावीक शब्दसंख्या आवडते असं ऐकून लिहिताय का, असं विचारून कंसात लिहिलंय की आम्हाला तशी काही आवड नाही. त्याच पानावर आणखी: काहीतरी चालेल या आशेने ढीगभर विषयांवर लिहिताय का? इतरांचंच सार काढताय का? फॉरवर्ड नेमकं हेच करायला सांगतो. तीन महिन्यांच्या वायद्याबद्दल काय बोलायचं, तो कोणीही देतो.

द्राक्षाचा लेख भावाने काढून टाकला. कांदेबागेचा अर्धा लिहून झालाय. थंडीने आखडलेल्या पानांचे फोटो हवेत, म्हणून तो जानेवारीतल्या पहाटेची वाट बघतोय.