काकांचा पासवर्ड मागू नका

आज सकाळी आमच्या पंचवटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जाणत्या सभासदाने लिहिले, "काका पुण्याला मुलाकडे चालले आहेत, तेव्हा जाण्याआधी त्यांचा फेसबुकचा पासवर्ड घेऊन ठेवा, म्हणजे पेज आपल्याकडे राहील." त्यावर अकरा जणांनी अंगठे उमटवले. मला संताप आला, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले आणि गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले, हे काका वर्षानुवर्षे या पेजवर लिहीत आले आहेत. नदीकाठचे दुकानदार ते वाचून माल उचलतात. गेल्या पावसाळ्यात मारुतीच्या कमरेला पाणी लागले होते, आणि नेमक्या त्या दुपारी या पेजवर साड्यांच्या सेलची जाहिरात झळकली. काकांनी ती टाकलेली नव्हती. ती काढताना त्यांचा हात थरथरत होता. मी शेजारीच बसले होते.

पासवर्ड दिला की काम पाच मिनिटांत होते, हे मान्य. पण तो पासवर्ड पेजचा नसतो, तो काकांच्या स्वतःच्या खात्याचा असतो. त्यात त्यांचे खासगी संदेश आणि नातवंडांचे फोटो आहेत, आणि खाते दुसऱ्याच्या हाती देणे फेसबुकच्या नियमांतही बसत नाही. पेज किंवा त्याची ॲडमिनगिरी पैसे घेऊन देणेही नियमबाह्यच आहे, त्यामुळे "काकांना काही मानधन देऊ" असे ज्यांनी सुचवले, त्यांनी तो विषय इथेच थांबवावा.

ती साड्यांची जाहिरात आली कुठून? काही वर्षांपूर्वी पुराची सूचना जास्त लोकांपर्यंत जावी म्हणून काकांनी एका जाहिरात करणाऱ्या मुलाची मदत घेतली होती. त्याने पेज वापरण्याची परवानगी मागण्याऐवजी पेजच आपल्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे व्यवसायाची पेजेस आणि जाहिराती एकत्र सांभाळायच्या फेसबुकच्या खात्यात, घालून घेतले. काका ॲडमिन दिसत राहिले, पण मालकी त्या पोर्टफोलिओकडे गेली. पुढे त्या मुलाचे खाते कोणीतरी बळकावले आणि आमचे पेजही त्याच्यासोबत गेले. नवा ॲडमिन नेमून हे सुटत नाही, कारण पेज पोर्टफोलिओत असेपर्यंत त्याची सूत्रे पोर्टफोलिओवर पूर्ण नियंत्रण असलेल्याच्या हातात असतात.

म्हणून पहिली तपासणी तीच करायची. पेजच्या प्रोफाइलवर जाऊन सेटिंग्जमधले "Page access" उघडावे आणि तिथे अनोळखी व्यवसायाचे नाव जोडलेले आहे का, ते पाहावे. आमच्या बाबतीत त्या मुलाने खाते परत मिळवले आणि पेज पोर्टफोलिओतून काढून टाकले. मुलगा वाईट नव्हता, एवढे म्हणावे लागेल. मात्र काढण्याआधी काकांच्या नावावर थेट पूर्ण नियंत्रण आहे याची खात्री आम्ही करून घेतली, कारण ज्यांचा प्रवेश फक्त पोर्टफोलिओमार्फत असतो, त्यांचा तो त्याच क्षणी जातो.

त्यानंतर काकांच्या कार्डावरून चालणाऱ्या जाहिराती बंद करायच्या, कारण पेज दुसऱ्याकडे गेले तरी जाहिरातींचे खाते आणि त्यातले कार्ड काकांचेच राहते. पेजवरचा त्यांचा फोन, ईमेल आणि जोडलेला व्हॉट्सॲप क्रमांक बदलायचा, नाहीतर पुराच्या रात्री लोक पुण्याला फोन करत बसतील. पेज ज्या मुलीकडे जाणार आहे, तिने आपल्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा आधीच लावून घ्यायची.

हे सगळे झाले की काकांनी "People with Facebook access" समोरच्या "Add New" मधून तिचे नाव निवडायचे, पूर्ण नियंत्रणाचे बटण चालू करायचे आणि स्वतःचा पासवर्ड स्वतः टाकायचा. ते बटण बंद राहिले तर तिला पोस्ट टाकता येतील, पण कोणाला नेमता किंवा काढता येणार नाही. निमंत्रण ३० दिवसांत स्वीकारले नाही तर ते रद्द होते. तिने ते स्वीकारून आपल्या फोनवर तीच यादी उघडून दाखवली, म्हणजे काम झाले.

आणि दुसरा माणूस हवाच. लिहायला जड जाते, पण एकट्या ॲडमिनचे निधन झाले आणि त्याचे खाते स्मृतिखाते झाले, तर फेसबुक ते पेजच काढून टाकते. इतक्या वर्षांच्या पाण्याच्या नोंदी एका माणसाच्या श्वासावर टांगून ठेवायच्या का?

काका, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी तुमच्याकडे येतो. तुमचा पासवर्ड कोणालाही सांगू नका, आणि तिचे नाव यादीत आले म्हणून लगेच बाहेरही पडू नका. हा पावसाळा दोघांची नावे राहू द्या. मारुतीच्या पायाला पाणी लागल्याची पहिली पोस्ट तिने टाकली, की मग तुमचे नाव तुम्ही स्वतःच्या हाताने काढा.