एन.सी. हातात आहे म्हणजे केस झाली, असं समजू नका

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पलूस तालुक्यातले एक आबा माझ्या वकिलीच्या ऑफिसला आले. वय साठीच्या पुढं. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला, तो चक्क लॅमिनेट केलेला. पोलीस ठाण्यातून मिळालेली एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची प्रत. भिजू नये, फाटू नये म्हणून वर्षभर कपाटात साडीच्या घडीखाली जपून ठेवली होती. म्हणाले, "मॅडम, केस तर केलीय मी. वरीस झालं, अजून कोर्टाची तारीखच येईना. जरा बघा की काय झालंय ते."

मी कागदावरची तारीख बघितली आणि काय बोलावं तेच सुचेना. 14 डिसेंबर 2024.

हकीकत साधी होती. बांधावरून ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर न्यायचा होता. शेजारी आडवा आला आणि काही न बोलता आबांच्या थोबाडीत मारली, पाठीत दोन बुक्के घातले. टोळीतले ऊसतोड मजूर मध्ये पडले. आबा त्याच दिवशी ठाण्यात गेले, ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली. करंगळी सुजली होती म्हणून एक्स-रेही काढला, पण हाड शाबूत निघालं. म्हणजे साधी दुखापत. नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), जुन्या लोकांच्या तोंडातलं 323. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, गुन्हा अदखलपात्र. पोलिसांनी एन.सी. नोंदवली, आबांना प्रत दिली, सही घेतली आणि कोर्टात जायला सांगितलं. आबांना वाटलं, आता कोर्टच बोलावेल.

आज मी हे लिहितेय ते याचसाठी. आपल्या सांगली-साताऱ्याच्या गावांत एन.सी. म्हणजे केस, ही समजूत इतकी पक्की आहे की शिकलेली माणसंही तिच्यात फसतात. एन.सी. ही फक्त नोंद असते. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. पुढचं पाऊल आपणच टाकायचं असतं, आणि ते ठरावीक मुदतीत टाकायचं असतं.

ती मुदत कशी ठरते ते सांगते. आपल्याला राग किती आला, नुकसान किती झालं, यावर ती ठरत नाही. कायद्यात त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा किती लिहिली आहे, एवढंच बघायचं. नुसता दंड असेल तर सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक वर्षाच्या पुढं तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे 468 कलमात होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 514 कलमात जसंच्या तसं आहे. मुदत संपली म्हणजे मारहाण झालीच नाही, असा अर्थ होत नाही. कोर्टाला तिची दखल घेता येत नाही, दार तिथंच बंद होतं.

आबांच्या बाबतीत हिशोब असा. घटनेचा दिवस सोडून एक वर्ष मोजलं की शेवटचा दिवस येतो 14 डिसेंबर 2025. तो नेमका रविवार. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं, म्हणजे सोमवारी 15 तारखेलाही चाललं असतं. आबा माझ्याकडे आले त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी.

एन.सी. तर त्याच दिवशी केली होती, मग ती तारीख का धरत नाहीत, हा आबांचा प्रश्न रास्त होता. मुदत कुठल्या तारखेला थांबते यावर बरीच वर्षं वाद होता. कोर्टाने दखल घेतली ती तारीख धरायची की फिर्याद दाखल केली ती? 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सारा मॅथ्यू प्रकरणात सांगितलं की फिर्याद दाखल झाल्याची तारीख धरायची. कोर्टाच्या कामात वेळ गेला त्याचा भुर्दंड फिर्यादीला नको. अगदी बरोबर निर्णय. नव्या संहितेत यासाठी स्पष्टीकरणच घातलंय, पण त्यात दोनच तारखा आहेत. एक, कलम 223 खाली कोर्टात केलेल्या फिर्यादीची. दुसरी, कलम 173 खाली पोलिसांनी नोंदवलेल्या खबरीची, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याच्या एफ.आय.आर.ची. एन.सी. नोंदवली जाते कलम 174 खाली. ते त्या यादीत नाही.

म्हणजे दखलपात्र गुन्ह्यातल्या फिर्यादीने ठाण्यात पाऊल ठेवून खबर नोंदवली की घड्याळ थांबतं. अदखलपात्र गुन्ह्यातला माणूस त्याच ठाण्यात, त्याच टेबलासमोर बसून सही करतो आणि त्याचं घड्याळ चालूच राहतं. ठाण्यातून अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जावा, अशी तरतूद नव्या कायद्यात आहे. पण तो अहवाल म्हणजे आपली फिर्याद नव्हे. आणि पुढं दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस झाली, बाँड लिहून घेतले, की लोकांना वाटतं कोर्टाचं काम सुरूच आहे. ती कारवाई पुढं शांतता राहावी म्हणून असते. झालेल्या मारहाणीची शिक्षा तिथं होत नाही.

आता मुदतच कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. 1974 च्या एप्रिलमध्ये जुनी संहिता लागू झाली, त्याआधी सर्वसाधारण गुन्ह्यांना अशी मुदत नव्हतीच. माझ्या मते ती आली हे चांगलं झालं. गावात थोबाडीत मारल्याचं भांडण दोन माणसांचं असतं. वर्षभर दोघं एकाच विहिरीच्या पाळीवर मोटार चालवतात, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात, आणि मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की चार वर्षांपूर्वीची एन.सी. बाहेर निघते. तेव्हा ती न्यायासाठी नसते, फॉर्म मागे घ्यायला लावण्यासाठी असते. आणि खटला चालवायचा तरी कशावर? ते ऊसतोड मजूर आपल्या गावी परतलेले असतात. साध्या सुजेचा व्रण राहत नाही. मारलं असं म्हणणाऱ्याला पुरावा नाही, मारलं नाही असं म्हणणाऱ्यालाही नाही. एक वर्षाच्या शिक्षेसाठी माणसाच्या डोक्यावर दहा वर्षं टांगती तलवार ठेवणं, हीच त्याला गुन्ह्यापेक्षा मोठी शिक्षा होते.

पण खुनाला हे लागू होत नाही, बलात्काराला नाही, दरोड्याला नाही. तिथं घरच्यांनी गप्प बसायचं ठरवलं तरी प्रकरण मिटत नाही, कारण ते एकट्या घराचं कधीच नसतं. मोठ्या गुन्ह्यातला गप्पपणा बहुतेक वेळा भीतीचा असतो. लहानपणी अत्याचार झालेली मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावरच बोलू शकते. तीन किंवा पाच वर्षांची मुदत ठेवली, तर ज्याच्या हातात दहशत आणि पैसा आहे तो तेवढी वर्षं लोकांची तोंडं बंद ठेवेल आणि सुटेल. मुदत नाही म्हणून उशीर खपतो असंही नाही. उशीर का झाला हे कोर्ट विचारतंच, आणि नीट सांगता आलं नाही तर साक्षीवरचा विश्वास उडतो. फरक इतकाच की तिथं तो प्रश्न पुरावा ऐकून सुटतो, दारातच नाही.

आबांच्याच मारामारीत ही रेघ दाखवता येते. त्या एक्स-रेमध्ये करंगळीच्या हाडाला बारीक चीर दिसली असती, तर ती कायद्याने गंभीर दुखापत. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, मुदत नाही. तोच बांध, तोच शेजारी, तेच बुक्के. म्हणून मारहाणीचं प्रकरण आलं की मी सगळ्यात आधी तारीख बघते आणि लगेच एक्स-रेचा रिपोर्ट मागते. सूज आहे, दात हलतोय, बोट वाकत नाही, आणि तरी "राहू दे, बरं होईल" म्हणून तपासणी टाळली, तर हे नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं. ही रेघ सगळीकडे मनाला पटतेच असं नाही. विहिरीवरची मोटार चोरीला गेली तर साधी चोरी, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून तीन वर्षांची मुदत (चोर कोण हे माहीत नसेल तर कळल्या दिवसापासून). तीच मोटार राहत्या घरातून गेली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणून मुदत नाही.

आबांबरोबर त्यांचा पुतण्या होता. तो हुशार. म्हणाला, "मॅडम, शिव्या दिल्या म्हणून लिहा की. सगळ्यांच्या एन.सी.त असतंय."

त्याला माहिती होती. बहुतेक एन.सी.त मारहाणीच्या जोडीला शिवीगाळ आणि धमकी असतेच, आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असे गुन्हे एकत्र चालवता येत असतील तर सगळ्यांत जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत सगळ्यांना लागते. म्हणजे एक शिवी घातली की एका वर्षाची तीन वर्षं. पण आबांनी त्या दिवशी खरं सांगितलं होतं, तो काही बोललाच नाही म्हणून. मी नाही म्हटलं. मुदत ओलांडायला खोटी शिवी लिहिणारा वकील त्या मुदतीचाही खून करतो आणि आपल्या अशिलाच्या खऱ्या मारहाणीचाही.

उरला एकच रस्ता, विलंब माफीचा अर्ज. उशिराचं समाधानकारक कारण असेल किंवा न्यायासाठी गरज असेल, तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. पण तो हक्क नाही. समोरच्याला ऐकल्याशिवाय उशीर माफ करता येत नाही, हे महाराष्ट्र सरकार विरुद्ध शरदचंद्र डोंगरे प्रकरणापासून पक्कं आहे. आमचं कारण काय? एन.सी. हीच केस वाटली. कायदा माहीत नव्हता हे कारण कमजोर असतं, हे मी आबांना पैसे घेण्याआधी सांगितलं.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. एन.सी.च्या प्रतीवर मराठीत, ठळक अक्षरात एक ओळ छापा: 'ही फिर्याद कोर्टात दाखल झालेली नाही. दाखल करण्याची शेवटची तारीख ____'. कलम लिहिणाऱ्या अंमलदाराला शिक्षा माहीत असते, तारीख काढायला एक मिनिट लागतं. आणि 514 च्या त्या स्पष्टीकरणात 174 ची नोंदही यायला हवी, निदान मूळ मुदतीत ठाण्यात गेलेल्या माणसाला पुढं काही महिने मिळतील अशा रीतीने. मुदत राहू दे, मी मुदतीच्या बाजूचीच आहे. पण मुदत पाळलेला माणूस कागदाच्या गैरसमजात मारला जाऊ नये. तोवर, ज्यांच्या घरात अशी प्रत आहे त्यांनी आजच काढून बघा. घटनेची तारीख आणि कलम या दोनच गोष्टी बघायच्या, आणि वर्ष भरत आलं असेल तर ओळखीच्या वकिलाकडे जायचं.

अर्जावर नोटीस निघाली, शेजारी कोर्टात हजर झाला. तोही साठीचाच, टोपी हातात घेऊन उभा. बाहेर व्हरांड्यात आबांना म्हणाला, "अरे, यायचं तर तवाच यायचं होतंस. आता सव्वा वर्सानं?" आबांनी पिशवीतून तो लॅमिनेट केलेला कागद काढून त्याला दाखवला आणि म्हणाले, "तवाच आलतो रं."