उताऱ्यावर बोट

सात-बाराचा उतारा मला थोडाफार कळतो. सहावीतला उतारा कळत नाही, हे परवा रात्री साडेनऊला समजलं.

सई तापामुळे दोन दिवस शाळेत गेली नव्हती. ‘उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा गृहपाठ दुसऱ्या दिवशीच द्यायचा होता आणि वर बाईंची सूचना होती, ‘उत्तरे फक्त उताऱ्याच्या आधारे लिहावीत.’ उतारा दोन पानांवर होता. मैत्रिणीच्या आईने दोन फोटो पाठवले. एक आडवा, एक उभा, आणि उभ्याच्या कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा.

उतारा होता पानशेतच्या पुराचा, १२ जुलै १९६१. इथेच घात झाला, कारण अण्णा घरात होते. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहायचे. पानशेतचं नाव निघाल्यावर गप्प बसणारा त्या वयाचा पुणेकर मी अजून पाहिलेला नाही.

“लिही,” अण्णा म्हणाले, “आम्ही पर्वतीवर पळालो. नंतर विहिरीवर रांगा लावल्या.”

“आजोबा, कुठल्या ओळीत आहे? बोट ठेवा.”

बाईंचा नियम असा की, उत्तर लिहिण्याआधी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर ते उत्तर नाही, गप्पा. अण्णांनी बोट स्वतःच्या कपाळावर ठेवलं. सईने मान हलवली.

पहिला प्रश्न सोपा होता. दुसरा होता, ‘जवानांच्या कष्टांचा काय परिणाम झाला?’ पहिल्या फोटोच्या तळाशी लिहिलं होतं, ‘जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण’. मी बोटाने सरकवून दुसरा फोटो आणला. त्याची पहिली ओळ होती, ‘गेली, पण माणसांना हलायला वेळ मिळाला.’

“लिही,” मी म्हणालो, “पोती रचल्यामुळे धरण गेलं.”

“बाबा, पोती रचल्याने धरण जाईल कसं? आणि ‘धरण गेली’ का लिहिलंय? ते धरण ना?”

अख्ख्या घरात व्याकरण फक्त तिलाच येतं. धरण नपुंसकलिंगी, एकवचनी. त्याच्या पुढे ‘गेली’ येणं शक्यच नाही. म्हणजे ‘गेली’ दुसऱ्याच कुणाची होती, आणि जे कोण गेलं ते फोटोच्या चौकटीबाहेर. मी तर पानांचे आकडे पाहून निश्चिंत होतो. ४२ नंतर ४३, सगळं सलग! पण आकडे असतात पानाच्या तळाशी आणि कापली गेली होती वरची ओळ. आकडे सलग म्हणून ओळीही सलग, असं नसतं. जोड तपासायची तर शेवटचा शब्द आणि पुढचा पहिला शब्द एका श्वासात मोठ्याने वाचून बघायचं.

रात्री दहाला पुण्यात कुणाला फोन करणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मी मेसेज केला, आधी क्षमा मागून. वीस मिनिटांनी फोटो आला. मधली ओळ होती: ‘काही तास जास्त टिकले. सकाळी ते फुटले आणि नदीकाठची घरे वाहून’.

घरे गेली! लिंग जुळलं, वचन जुळलं, जवानांची इज्जत राहिली. सईने लिहिलं, ‘त्यामुळे धरण काही तास जास्त टिकले व माणसांना हलायला वेळ मिळाला.’

तिसरा प्रश्न खरा खट होता: ‘धरण रात्रीच फुटले असते तर काय झाले असते?’ असं उत्तर उताऱ्यात एका जागी लिहिलेलं नसतं. ‘रात्रभर’ हा शब्द ४२ वर, ‘सकाळी’ आणि ‘हलायला वेळ’ ४३ वर. तिन्ही जोडली की अनुमान निघतं: लोक झोपेत असते, हलायला वेळ मिळाला नसता. हे चालतं, कारण प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवता येतं. पण एका फोनवर दोन पानं दिसत नाहीत. सरकवलं की आधीचं डोक्यातून जातं. शेवटी एक पान माझ्या फोनवर, एक बायकोच्या फोनवर, दोन्ही टेबलावर शेजारी, आणि सईची दोन बोटं दोन्हीकडे. माझं काम दर अर्ध्या मिनिटाला मालवणाऱ्या पडद्यांना टिचक्या मारत बसायचं.

“यात खडकवासला कुठाय?” अण्णांचा आवाज चढला. “तेही फुटलं होतं! पुण्याचं पाणी त्यामुळे बंद झालं!”

अण्णांचं खरं होतं. पण खडकवासला दोन्ही पानांत नव्हतं, आणि खरं असणं इथे पुरत नाही. शेवटचा प्रश्न होता, ‘पुरात किती घरे वाहून गेली?’ अण्णा सरसावले. सईने दोन्ही फोनवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि शांतपणे लिहिलं, ‘उताऱ्यात माहिती दिलेली नाही.’ मला वाटलं, कोरं सोडायच्या ऐवजी ही पळवाट. पण ती म्हणाली, बाई असा एक प्रश्न मुद्दाम घालतात, त्याचं हेच उत्तर.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग चष्मा लावून त्यांनी दुसरा फोटो बोटांनी मोठा केला.

“हा अंगठा कुणाचा?”

सईने वहीतून मान वर न करता सांगितलं, “उताऱ्यात माहिती दिलेली नाही.”