काकू, एक फोटो टाकलास आणि माझा रविवार गेला

"अगं, तुला काय, दोन मिनिटांचं काम. अडीचपट करून टेबल करून दे." दिवाळीच्या तोंडावर काकूने आजीच्या चकलीच्या भाजणीच्या चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली हे वाक्य. दोन मिनिटं! मी पूर्ण रविवार घालवला, तेव्हा कुठे पाच ओळींचं टेबल झालं.

आधी तो फोटो. ट्यूबलाइटखाली तिरका काढलेला, वर काकूच्या हाताची सावली आणि मधोमध चिठ्ठीची घडी. ग्रुपवर टाकल्यावर फोटो दाबला जातो तो वेगळाच. किती वेळा सांगायचं की फाइल म्हणून पाठव, निदान रेघा तरी शाबूत राहतात! इथे सगळा खेळच रेघांचा होता, कारण आजी जुन्या पद्धतीने लिहायची: एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. "पोहे १। वाटी" म्हणजे सव्वा वाटी. फोनमधल्या मजकूर वाचणाऱ्या ॲपला हे कुठलं कळायला? त्याने रेघेचा एक केला आणि पोहे झाले अकरा वाट्या. मुकाट्याने सगळं हाताने टाइप करायला घेतलं.

तर स्प्रेडशीटचा शहाणपणा सुरू. धने अर्धी वाटी म्हणून 1/2 टाइप केलं, तर त्याने परस्पर 1 फेब्रुवारी करून टाकली. विचारलंय कोणी तुला तारीख? आत तो 2025 च्या त्या तारखेचा क्रमांक धरतो, 45689. त्याला अडीचने गुणलं की धने 1,14,222.5 वाट्या. अख्ख्या गावाला पुरून उरतील. मग कळलं की शून्य, मग जागा सोडून अपूर्णांक लिहायचा, `0 1/2` असा, नाहीतर सरळ 0.5. हे आधी कोणी सांगत नाही, डोक्याला हात लावल्यावर कळतं.

खरा वैताग पुढे. तांदूळ अर्धा शेर, हरभराडाळ पावशेर, आणि उडीदडाळ मात्र वाटीत! आजी, एकाच कागदावर शेर आणि वाटी? बरं, तो शेर वजनाचा की मापाचा? आमच्याकडे धान्य मापायचाही शेर असायचा, चार शेरांची पायली. शिवाय उडदाच्या रेघा नेमक्या घडीवर. दोन आहेत की तीन?

शेवटी तिरमिरीत काकूच्या घरी गेले, आजीची पितळी वाटी फडताळातून काढली आणि वजनकाट्यावर ठेवली. सपाट भरून उडीदडाळ 155 ग्रॅम, जाडे पोहे 70, धने 60. म्हणजे "एक वाटी म्हणजे अमुक ग्रॅम" असं सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. त्यांच्या हिशोबाने पोहे दुपटीहून जास्त पडले असते.

आता वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. अर्धा शेर तांदूळ 466, पावशेर डाळ 233. उडीद पाऊण वाटी धरला तर 116. तांदळाच्या निम्मी हरभराडाळ, तिच्या निम्मा उडीद! अर्धी वाटी धरली असती तर 78 ग्रॅम, निम्म्या-निम्म्याचा मेळ तुटतो. म्हणजे शेर वजनाचा आणि रेघा तीन. मूळ चिठ्ठी खिडकीशी धरली, तर तिसरी रेघ घडीत अर्धी पुसलेली दिसली. खरं सांगते, रागात असूनही मला त्या क्षणी आजीला मिठी मारावीशी वाटली.

हे घ्या अडीचपट:

| जिन्नस | मूळ | ग्रॅम | अडीचपट |
|---|---|---|---|
| तांदूळ | अर्धा शेर | 466 | 1165 |
| हरभराडाळ | पावशेर | 233 | 583 |
| उडीदडाळ | पाऊण वाटी | 116 | 290 |
| जाडे पोहे | सव्वा वाटी | 88 | 220 |
| धने | अर्धी वाटी | 30 | 75 |

जिरं "दोन चमचे" होतं, मी पाच लिहिलं. चमचा कुठला ते आजीला ठाऊक. आणि खाली "मोहन बेताने", त्याला कशाने गुणू? मोहन, मीठ आणि पाणी पीठ भिजवताना बघून घ्यायचं, ते टेबलात बसत नाही. पावशेर म्हणजे पाव किलोच धरा असं कोणी म्हणालं तर खुशाल धरा, 17 ग्रॅमने चकली बिघडत नाही. चार उसासे टाकून मी हे सगळं ग्रुपवर टाकलं.

काकूचं उत्तर: "छान गं! पण आमच्याकडे काटा नाही. वाट्यांत करून दे ना."