पंचवीस मीटर म्हणजे टेबलाची रुंदी

घरात सत्तरी ओलांडलेले कुणी अजून गाडी चालवत असतील आणि त्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली असेल, तर बिलकूल घाबरू नका. सगळं हसतखेळत होतं. गेल्याच आठवड्यात सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, घेऊन मी या सगळ्यातून गेले, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

आधी वयाचं गणित. तिशीच्या आत लायसन्स काढलंत तर ते थेट चाळिशीपर्यंत चालतं, म्हणजे १८व्या वर्षी काढणाऱ्याला २२ वर्षं कुणी हटकत नाही. तिशी ते पन्नाशीत दहा वर्षं. ५० ते ५५च्या मध्ये केलंत तर साठीपर्यंत. आणि पंचावन्न झाले की दर खेपेला पाच वर्षं. वय ५६ असो की ८६, पाच म्हणजे पाच. वरची मर्यादा कायद्याने ठेवलेलीच नाही. अण्णा ७४चे आहेत, म्हणजे आता ७९ पर्यंत निर्धास्त. (हे घरच्या गाडीचं. टॅक्सी-टेम्पो चालवणारा पोरगा पंचविशीचा असला तरी त्याला दर पाच वर्षांनी डॉक्टरचा दाखला लागतोच. म्हणून काहींच्या कार्डावर एनटी, म्हणजे घरच्या गाडीची, आणि टीआर, म्हणजे धंद्याच्या गाडीची, अशा दोन तारखा असतात.)

नव्याने ड्रायव्हिंगची परीक्षा द्यायची हौस असेल, तर मुदत संपल्यावर वर्ष उलटू द्या.

अर्जासोबतच्या फॉर्म १ मध्ये चक्कर येते का, फिट येते का असं विचारतात. तो तुम्हीच भरायचा असतो, तेव्हा प्रकृती ठणठणीत.

आता राहिला फॉर्म १ए. चाळिशीनंतर घरच्या गाडीसाठीही हा लागतो आणि तो डॉक्टरने भरायचा असतो. त्यासाठी दवाखाना नीट निवडा. जिथे बाहेर रांग आहे आणि ती भराभर पुढे सरकते आहे, तोच उत्तम. आम्हाला असाच मिळाला. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशन "गणपती होऊन जाऊ देत" म्हणत दोन गणपती झाले. आमच्या पार्किंगच्या खांबावर त्यांच्या बंपरचा पांढरा रंग लागलेला आहे. घरात त्यांना "आता पुरे" म्हणायची कुणाची छाती नाही. म्हटलं, डॉक्टर तरी म्हणतील.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काका, चष्मा आहे ना?"

"आहे."

"बीपी?"

"गोळी चालू आहे."

ठप्प. शिक्का.

त्या कागदावर काय लिहिलंय ते मी बाहेर येऊन वाचलं. भर उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का? लाल आणि हिरवा रंग वेगळा कळतो का? हॉर्न ऐकू न येण्याइतका बहिरेपणा आहे का? रातांधळेपणा आहे का? आणि खाली डॉक्टरांचा निर्वाळा, की मी स्वतः तपासलं आणि लांबची नजर, कान, हात, पाय, सांधे यांच्याकडे खास लक्ष दिलं! २५ मीटर म्हणजे लोकलचा एक अख्खा डबा आणि वर थोडं. ती खोली बारा फुटांची होती. डॉक्टरसाहेब, अण्णांनी भिंतीपलीकडची नंबरप्लेट वाचली का हो? सांध्यांकडे लक्ष दिलंत म्हणता, ते तर खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. मोतीबिंदूवाल्याला दिवसा, चांगल्या डोळ्याने, प्लेट कदाचित वाचताही येईल. खरी गंमत रात्री हायवेवर समोरून दिवे आले की होते, उजेड डोळ्यात फुटतो आणि पुढची बाईक दिसेनाशी होते. तो प्रश्न त्या फॉर्मवर धड नाहीच. पण जो आहे, तो तरी विचाराल?

अण्णा खूश आहेत. आता सांगतात, "सरकारनेच फिट ठरवलंय मला."

आणि तुम्ही, जे हे वाचून हसताय, तुमच्याही घरात एक अण्णा आहेत. बाबांचं मन कसं मोडायचं म्हणून तुम्ही त्यांना त्याच रांगेत उभं करता, आणि आत काय होणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. लाज वाटू द्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, थेंब टाकून तपासून घ्या, रात्री गाडी चालवतात हे स्पष्ट सांगा. रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर टेप लावून २५ मीटर मोजा आणि एकेक डोळा झाकून नंबरप्लेट वाचायला लावा. नाही वाचता आली, तर गाडी बंद. चार दिवस बोलणार नाहीत. नाही बोलले तर नाही बोलले.